चारशे पंचावन्न रुपयांचं पाकीट



शाळेचं परिपत्रक आपण किती सहज पाठवतो, नाही का? कार्यालयातून कागद येतो, आपण त्याचा फोटो काढतो, पालकांच्या ग्रुपवर टाकतो, आणि आपल्या लेखी काम संपतं. असंच एक पानभर परिपत्रक मला एकदा अरबीत करून द्यावं लागलं. मला स्वतःला अरबी येत नाही. तरीही ते कसं केलं, त्यात मी कुठे कुठे चुकले आणि शेवटी काय जमलं, ते सांगते. तुमच्या वर्गात अरबी बोलणारं मूल नसलं तरी मराठी न वाचणारे पालक असतीलच.

गोष्ट २०१६ सालच्या सप्टेंबर अखेरची. मी तेव्हा सांगलीत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. वर्गात एक येमेनी मुलगा होता. त्याचे वडील पीएचडीसाठी इकडे आलेले, आणि कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस पुण्यात असायचे. घरी आई आणि दोन मुलं. मुलगा मराठी बोलायला भराभर शिकला होता, पण वाचन जेमतेम अक्षरओळखीपर्यंत आलेलं. आईला अरबी उत्तम लिहिता-वाचता यायचं. बाकी बाजारापुरतं हिंदी आणि थोडं इंग्रजी.

एका सकाळी या मुलानं माझ्या हातात पाकीट दिलं. "बाई, खेळाच्या ड्रेसचे पैसे." आत चार शंभराच्या नोटा, एक पन्नासची आणि पाचाचं नाणं. ड्रेसचे होते ६०० रुपये. मी त्याला विचारलं, "बाकीचे कुठे आहेत रे?" तो म्हणाला, "आईनं एवढेच दिले." मी पुन्हा विचारलं. त्याला दप्तर उघडायला लावलं. माझ्या आवाजात संशय होता, हे आज लिहितानाही मला टोचतं. पोरगं रडवेलं होऊन जागेवर जाऊन बसलं.

शाळा सुटताना त्याची आई फाटकाशी भेटली. मी परिपत्रक पुढे केलं. तिनं त्यातल्या "६००" वर बोट ठेवलं आणि मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर तोच आकडा तिच्या पद्धतीनं लिहून दाखवला. मग खाली इंग्रजी आकड्यांत लिहिला: चार, पाच, पाच. मी बघतच राहिले.

आता तुम्हीही एकदा कागदावर काढून बघा. येमेन, इजिप्त, सौदी अशा देशांत जे आकडे चालतात, त्यांत पाच म्हणजे एक छोटं बंद वर्तुळ, अगदी आपल्या शून्यासारखं. त्यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचा चार उलट्या तीनसारखा दिसतो, म्हणजे आपल्या सहाच्या फार जवळ. आणि त्यांचा नऊ आपल्या एकसारखा. त्यामुळे आपले सहाशे तिला चारशे पंचावन्न दिसले. "२०१६" मध्ये तिला दोन, पाच, नऊ, चार दिसले होते. तारखा निरर्थक लागतात म्हणून तिनं त्या सोडून दिल्या होत्या. पण चारशे पंचावन्न ही ड्रेसची किंमत सहज असू शकते, म्हणून तिथे तिला शंका आली नाही. परकं अक्षर कळलं नाही तर माणूस विचारतो. ओळखीचं दिसलं की विचारत नाही. गंमत म्हणजे अरबी लोक आपल्या या आकड्यांना "अल-अरक़ाम अल-हिंदिय्या", म्हणजे हिंदी आकडेच म्हणतात. मूळ एकच, पण शेकडो वर्षांच्या प्रवासात रूपं बदलली.

म्हणून पहिली गोष्ट: भाषांतर शब्दांपासून नव्हे, आकड्यांपासून सुरू करा. तिला इंग्रजी आकडे येत होते, कारण बसचे नंबर आणि दुकानातल्या किमती ती रोज वाचायची. मी त्याच संध्याकाळी परिपत्रकातला प्रत्येक आकडा इंग्रजी अंकांत लिहून दिला. पण मग तिनं विचारलं, बाकीचं काय लिहिलंय? आणि मी म्हणून बसले, "मी अरबीत करून देते."

तर परिपत्रक असं होतं. तुम्हाला पाठ असेल अशीच भाषा:

१) शुल्काचा दुसरा हप्ता रक्कम रु. १५००/- दि. १०/१०/२०१६ पर्यंत कार्यालयात जमा करावा. मुदतीनंतर दररोज रु. ५/- विलंब शुल्क आकारले जाईल.
२) दि. ११ व १२ ऑक्टोबर रोजी अनुक्रमे दसरा व मोहरमनिमित्त शाळेस सुट्टी राहील. दिवाळी सुट्टी दि. २४/१०/२०१६ ते दि. १२/११/२०१६.
३) विद्यार्थ्यांनी पूर्ण गणवेशात यावे. निळी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट. शनिवारी खेळाचा ड्रेस (रु. ६००/-) व पांढरे बूट सक्तीचे.

माझ्याकडे मूळ कागद नव्हता, ग्रुपवरचा फोटो होता. कुणीतरी टेबलावर तिरका धरून काढलेला. खालची ओळ अर्धी कापलेली आणि शाळेचा जांभळा शिक्का नेमका शुल्काच्या तारखेवर. १० आहे की १७, ते मोठं करूनही कळेना. अशा वेळी अंदाज करायचा मोह होतो. मी कार्यालयात जाऊन विचारलं, मूळ कागद मागितला, खिडकीपाशी सपाट ठेवून चारही कोपरे दिसतील असा फोटो पुन्हा काढला. कापलेल्या ओळीत पांढऱ्या बुटांचा उल्लेख होता. फोटोवरूनच काम केलं असतं तर ते बूट अरबीत आलेच नसते, आणि शनिवारी पोरगं काळ्या बुटांत येऊन रांगेबाहेर उभं राहिलं असतं.

अरबी लिहिणारं माणूस शोधताना मिरजेतल्या एका मौलानांपर्यंत पोचले. ते अनेक वर्षं अरबी शिकवतात, हस्ताक्षर मोत्यासारखं. त्यांचं शिक्षण उर्दू माध्यमातलं. मराठी बोलतात, पण छापील मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो. म्हणून मी हुशारी केली. सगळं परिपत्रक हिंदीत बोलून त्यांना ध्वनिसंदेश पाठवला. त्यात म्हटलं, "फीस का दूसरा हफ्ता, पंद्रह सौ रुपये."

तुमच्या लक्षात आलं असेल. मराठीत शुल्काचा हप्ता म्हणजे टप्प्याटप्प्यानं भरायच्या पैशांतला एक भाग. हिंदी-उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मौलानांनी प्रामाणिकपणे लिहिलं: "रुसूम अल-उस्बूअ अस-सानी", म्हणजे दुसऱ्या आठवड्याची फी, पंधराशे रुपये. मी तो सुंदर कागद कौतुकानं आईच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी रात्री मुलाच्या वडिलांचा पुण्याहून फोन आला. इंग्रजीत, फार सभ्यपणे ते म्हणाले, "मॅडम, दर आठवड्याला पंधराशे आम्हाला परवडणार नाही. मुलाला शाळेतून काढावं लागेल. दाखला मिळायला किती दिवस लागतील?" मला काही क्षण काही सुचेना. एका शब्दानं एका मुलाची शाळा सुटत होती. आणि तो शब्द चुकवला होता मी, मौलानांनी नव्हे.

मी त्यांना सगळं समजावलं. वर्षातून दोनदाच पैसे भरायचे, पहिला हप्ता तुम्ही जूनमध्ये भरलाय, हा दुसरा आणि शेवटचा. ते हसले, पण मला हसू आलं नाही.

मग मला साताऱ्याच्या मामांची आठवण झाली. मामा इलेक्ट्रिशियन म्हणून वीसेक वर्षं कुवेतला होते. अरबी लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण बोलतात सराईतपणे. फोन केला तर म्हणाले, "अगं, तिकडे गाड्या घेतात त्या हप्त्यावरच! त्याला किस्त म्हणतात. अनेकवचन अक़सात." मी कपाळावर हात मारला. म्हणजे हिंदी-उर्दूतला किस्त हा शब्दच अरबी! मी "हफ्ता" न म्हणता "किस्त" म्हटलं असतं, तर मौलानांनी तोच शब्द उतरवला असता आणि सगळं नीट झालं असतं.

यापुढे आम्ही तिघांनी मिळून काम केलं. व्याकरण आणि लेखन मौलानांचं, रोजच्या व्यवहारातले शब्द मामांचे, आणि शाळेला नेमकं काय म्हणायचंय हे सांगणं माझं काम. मौलानांची अरबी ग्रंथांची, तिथे हाफ पँट आणि विलंब शुल्क येत नाही. मामांची अरबी कुवेतच्या रस्त्यावरची, ती जशीच्या तशी कागदावर शोभत नाही. एकट्या कुणालाच ते पान पूर्ण जमलं नसतं.

मात्र मौलानांनी मला एका बाबतीत सावध केलं. आपल्या कार्यालयीन मराठीत अरबी मुळाचे शब्द भरपूर आहेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोच मुळी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरीही रक्कम, अर्ज, रजा, मुदत, जमा हे शब्द आपल्या शाळेच्या कार्यालयात आजही ठाण मांडून आहेत. मला वाटलं, वा, हे तर तसेच चालतील. पण अरबीत "रक़म" म्हणजे आकडा किंवा क्रमांक. पैशाच्या रकमेला "मब्लग़" म्हणतात. आपण "रक्कम १५००" जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्याला वाटेल, १५०० हा कसला तरी नंबर आहे. आपली "रजा" तिकडे "रिदा", म्हणजे संमती किंवा समाधान. सुट्टीला शब्द "इजाज़ा" किंवा "उत्ला". "मुदत" आणि "तारीख" तेवढे खरेच जुळतात. म्हणून सारख्या वाटणाऱ्या शब्दावर विसंबू नका. तो शब्द आज त्या भाषेत कोणत्या अर्थानं वापरतात, हे बोलणाऱ्या माणसाला विचारा.

आता सुट्ट्या. इथे मला वाटलं होतं, हा भाग सगळ्यात सोपा. दसरा, दिवाळी तिला ठाऊक नव्हते, तिथे "हिंदूंचा सण" एवढं पुरलं. अडचण आली ती मोहरमची. मी मौलानांना म्हटलं, "हा तर तुमचाच शब्द, तसाच लिहा." ते म्हणाले, "बाई, मोहरम हे महिन्याचं नाव आहे. तुमच्या सुट्टीच्या यादीतली १२ ऑक्टोबर ही त्या महिन्याची दहावी तारीख, तिला आशूरा म्हणतात. अरब देशांत बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते ती महिन्याच्या पहिल्या तारखेला, नव्या हिजरी वर्षाची. नुसतं मोहरम लिहिलं तर त्या बाईला दहा दिवस आधीची सुट्टी वाटेल." म्हणून आम्ही लिहिलं: बुधवार, १२ ऑक्टोबर, आशूरा. वार लिहिल्यानं चूक झाली तरी लगेच कळते.

महिन्यांच्या नावांचंही तसंच. येमेन-इजिप्तकडे ऑक्टोबरला "उक्तूबर" म्हणतात. पण सीरिया-इराककडचं कुटुंब असेल तर त्यांच्या तोंडी वेगळी नावं असतात. जूनला एकीकडे "यूनियू", तर दुसरीकडे "हज़ीरान". म्हणून कुटुंब कुठल्या देशातलं, हे आधी विचारायचं.

आणि आता माझी दुसरी मोठी चूक. मौलानांच्या हस्ताक्षरातला कागद मी फोनवर टाइप करून घेतला, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून. त्यांनी एकेक शब्द सांगितला, त्यांच्या मुलानं टाइप केलं. दिवाळी सुट्टीच्या दोन तारखा मध्ये आडवी रेघ देऊन लिहिल्या होत्या. मी पडद्यावर पाहिलं तर डावीकडे १२ नोव्हेंबर आणि उजवीकडे २४ ऑक्टोबर! मला वाटलं उलटं झालं. मी तारखांची अदलाबदल केली आणि पाठवून दिलं.

खरं तर आधीचंच बरोबर होतं. अरबी उजवीकडून वाचतात, त्यामुळे सुरुवातीची तारीख उजवीकडेच हवी. फोन ते आपोआप करतो. गोंधळ असा की एकेक आकडा मात्र अरबीतही आपल्यासारखाच डावीकडून लिहितात; पंधराशेमधला एक डावीकडेच असतो. म्हणजे आकडा एका दिशेनं आणि वाक्य दुसऱ्या. डोळ्याला सवय नसली की आपण बरोबर असलेलं बिघडवतो. माझ्या "दुरुस्ती"नंतर सुट्टी १२ नोव्हेंबरला सुरू होऊन २४ ऑक्टोबरला संपत होती.

या वेळी मात्र ते वेळेत सापडलं, कारण मी आता शहाणी झाले होते. आम्ही उपाय साधा केला: रेघच काढून टाकली. "मिन" म्हणजे पासून, "इला" म्हणजे पर्यंत. सोमवार २४ ऑक्टोबरपासून शनिवार १२ नोव्हेंबरपर्यंत, असं शब्दांत. आणि पुढे वेगळी ओळ: शाळा सोमवारी, १४ नोव्हेंबरला सुरू. पालकाला खरं हवं असतं ते हेच, मूल कोणत्या दिवशी पाठवायचं. आपल्या परिपत्रकात ते लिहिलेलंच नव्हतं! पैशाच्या रकमेतलं "/-" सुद्धा काढलं. रकमेच्या शेवटची ती तिरकी रेघ आपल्याशिवाय कुणाला कळत नाही. त्याऐवजी आकडा इंग्रजीत आणि शेजारी अरबी शब्दांत: "अल्फ़ व ख़म्सुमिअह", एक हजार पाचशे.

गणवेशाचं फार लांबवत नाही. "निळी पँट" यावर मामांनी विचारलं, "कुठली निळी? आभाळासारखी की काळपट?" आपण निळी म्हणून मोकळे होतो. अरबीत साधा निळा "अज़रक़", आकाशी "समावी" आणि काळपट निळा "कुहली", म्हणजे डोळ्यात घालायच्या सुरम्यावरून आलेला शब्द. आमची पँट कुहली होती. दुकानात चूक होऊ नये म्हणून मी वर्गातल्या एका पँटच्या कापडाचा फोटो उजेडात काढून सोबत जोडला. कपड्यांच्या बाबतीत अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा एक नीट फोटो जास्त कामाचा, हे मी तेव्हापासून पाळते.

शेवटी तपासणी. आधी मी कागद देऊन "कळलं ना?" विचारलं होतं, आणि तिनं मान हलवली होती. "कळलं ना?" ला कुठलाही पालक नाही म्हणत नाही. या वेळी मी तिला शाळेत बोलावलं, मामांना फोनवर घेतलं आणि पाच प्रश्न विचारले. किती पैसे भरायचे? कधीपर्यंत? वर्षातून किती वेळा? दिवाळीनंतर मुलगा कोणत्या दिवशी शाळेत येणार? शनिवारी पायात काय? तिनं कागदात बघून उत्तरं दिली आणि मामांनी मला मराठीत सांगितली. चौथ्या प्रश्नाला ती अडखळली, आणि तिथेच माझी तारखांची अदलाबदल उघडी पडली. तोवर मला पडद्यावर सगळं बरोबरच दिसत होतं. चूक सापडायची असेल तर वाचणाऱ्याला तिच्या शब्दांत उलट सांगायला लावायचं. याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

आता मी कुठल्याही परिपत्रकाचं दुसऱ्या भाषेत करायचं असेल तर आधी ते मराठीतच पुन्हा लिहिते. "अनुक्रमे", "आकारले जाईल", "मुदतीनंतर" हे सगळं काढून. वरचं पहिलं कलम असं होतं: "या वर्षी फी दोन वेळा भरायची आहे. ही दुसरी वेळ, यानंतर नाही. १५०० रुपये. सोमवार, १० ऑक्टोबरपर्यंत. शाळेच्या कार्यालयात. उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५ रुपये जास्त. पावती घ्या." हे कुठल्याही भाषेत नेणं सोपं जातं, कारण त्यात लपायला जागाच नाही. आणि खरं सांगू? ते साधं मराठी मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा दोन मराठी आयांनीही विचारलं, "बाई, आधीचं पण असंच लिहायचं ना!"

त्या मुलाची मी माफी मागितली, वर्गासमोर. संशय वर्गासमोर घेतला होता, म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच पाकीट आणलं. आत १४५ रुपये होते, आणि पाकिटावर त्याच्या आईनं तीन वेगळ्या आकड्यांत लिहिलं होतं, तिच्या, इंग्रजी आणि आपल्या: सहाशे. आपल्या सहाची शेपटी जरा चुकली होती, पण सहा होता.

तुमच्या शाळेत असा अनुभव आला असेल, कानडी, नेपाळी, बंगाली कुठल्याही भाषेचा, तर जरूर लिहून कळवा. विशेषतः कुठला शब्द किंवा कुठला आकडा फसवून गेला, ते.